एलबीटी गेला, मग पालिकेने कमवायचं कुठून?

कोपरीकर: रस्ता म्हणा, पाणी म्हणा, पालिकेचं उत्तर एकच, पैसे नाहीत. आधी शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. शहरातल्या व्यापारावर पालिकेचा स्वतःचा कर पुन्हा असावा का, की राज्याच्या पैशावरच चालू द्यावं?

घाऊक_कागदवाला: अजिबात नको. नौपाड्यात माझं घाऊक स्टेशनरीचं दुकान आहे. 1 एप्रिल 2013 ला ठाण्यात एलबीटी आला तेव्हा सांगितलं गेलं, नाक्यावरच्या रांगा संपल्या, आता वह्या दाखवा नि कर भरा. झालं काय, तर व्हॅटवाल्यांसाठी एक हिशेब आणि पालिकेसाठी दुसरा. मशीद बंदरहून येणारा माल मुंबईत शिरताना जकात देऊन आलेला असायचा, इथे त्यावर पुन्हा एलबीटी. भिवंडीची गोदामं बघा. काल्हेर, पूर्णा, दापोडे ही सगळी ग्रामपंचायतींची हद्द. पालिकेच्या हद्दीबाहेर माल ठेवला की जकात लागत नव्हती, म्हणून तिथे उभी राहिली. कर शहराचा, धंदा गेला शेजारच्या गावात.

लेखाविभाग_निवृत्त: गोदामांचं अगदी खरं आहे. जकातीचा तो मोठाच दोष होता. पण प्रवेशकर परत आणावा की नाही, हा वाद आता घालून उपयोग नाही. जीएसटीसाठी घटनादुरुस्ती झाली तेव्हा स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावर कर लावायचा राज्याचा अधिकारच सूचीतून काढला. राज्याकडेच नाही तर ते पालिकेला कुठून देणार?

त्याऐवजी भरपाई मिळते. 2016-17 चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ. पाया 100 रुपये असेल तर 2024-25 ला साधारण 185 होतात. ऐकायला बरं वाटतं. पण शहरात किती दुकानं वाढली, किती कारखाने आले, याचा त्या 185 शी काही संबंध नाही. ज्या पालिकेची वसुली त्या एका वर्षी ढिली होती, तिचा पाया कायमचा लहान राहिला. शिवाय घोडबंदर रोडला नवी वस्ती आली की गटार, पाणी, कचरा हा खर्च मात्र पालिकेचाच.

सानपाडा_सेक्टर८: पण भरपाई तर 2022 ला बंद झाली ना? पाचच वर्षांची होती.

लेखाविभाग_निवृत्त: ती केंद्राने राज्यांना द्यायची भरपाई, 14 टक्क्यांची. जून 2022 ला संपली ती. पालिकांना पैसे देतं राज्य, 2017 च्या स्वतःच्या कायद्याने. ते वेगळं खातं आहे. केंद्राकडून येणारे थांबल्यावर राज्याच्या तिजोरीवर ताण आला, एवढंच तुमचं बरोबर.

घाऊक_कागदवाला: कोविडमध्ये दुकानं बंद होती, तेव्हा 8 टक्के वाढ कोणाच्या धंद्यात झाली, सांगा. एलबीटी असता तर त्या वर्षी पालिकेचे पगार निघाले असते का? घरबसल्या हप्ता येतो, वर रडगाणं!

लेखाविभाग_निवृत्त: मान्य, मंदीत ही भरपाई सोयीची पडली. पण वर्षाच्या अखेरीस किती येणार हे आधीच ठरलेलं असलं की शहरात धंदा वाढावा म्हणून पालिका धडपडेल कशाला? आणि हप्ता लांबला तर ठेकेदाराचं बिल अडतं, तेव्हा आमच्या हातात पत्र लिहिण्यापलीकडे काही नसायचं.

ऐरोलीची_मी: माझ्या पगारातून महिन्याला 200 कापतात, फेब्रुवारीत 300. व्यवसाय कर. म्हणजे नवी मुंबई पालिकेला आम्ही देतोच की. तरी सोसायटीबाहेर खड्डे आहेत ते आहेतच.

लेखाविभाग_निवृत्त: ताई, त्यातला एक रुपयाही वाशी किंवा ऐरोलीच्या नावाने जमा होत नाही. आपल्याकडे व्यवसाय कर राज्य घेतं, 1975 च्या कायद्याने. तो रोजगार हमीसाठी म्हणून सुरू झाला. तमिळनाडूत हाच कर पालिका वसूल करतात. महापेच्या एखाद्या कंपनीत पूर्ण दराने भरणारे 400 जण असतील तर वर्षाला 2500 प्रमाणे 10 लाख होतात. पालिकेचा स्वतःचा कर हवा असेल तर मी याच्याकडे बोट दाखवीन. नाका नको, मालाची तपासणी नको. अडचण एकच, 2500 ची मर्यादा घटनेत आहे आणि ती 1988 पासून हललेली नाही.

सानपाडा_सेक्टर८: तमिळनाडूचं ठीक आहे, पण मी राहतो सानपाड्यात, ऑफिस बीकेसीत. माझे 2500 मग मुंबईला जाणार. कचरा मात्र उचलणार नवी मुंबई. ठाण्यातले निम्मे लोक सकाळी लोकलने मुंबईलाच जातात.

घाऊक_कागदवाला: आणि राज्य हातातला पैसा सोडणार? सोडलाच तरी भरपाईतून तेवढी रक्कम वजा करेल. पालिकेला तेच मिळणार, वसुलीचा कारकून तेवढा वाढणार.

लेखाविभाग_निवृत्त: वजा करेल, ही भीती मलाही आहे. बीकेसीच्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं. दिवसभर तुम्ही तिथलं पाणी, रस्ते, फूटपाथ वापरताच की. तुम्ही राहता त्या घराचा मालमत्ता कर सानपाड्याच्या पालिकेला मिळतो.

सानपाडा_सेक्टर८: मी भाड्याने राहतो हो. मालमत्ता कर घरमालक भरतो, आणि तो पुण्यात असतो.