बोटनेक ब्लाऊज, उंची पाच फूट: ठुशी की मोहनमाळ?

पैठणीवेडी: धाकट्या बहिणीच्या लग्नात जांभळी पैठणी नेसणारे, ब्लाऊज बोटनेक शिवून आलाय, उंची जेमतेम पाच फूट. आई म्हणते ठुशी घाल. नणंद म्हणते बुटक्या बाईला गळ्यालगतचं शोभत नाही, लांब मोहनमाळच हवी. कोणाचं ऐकू?

चाफा_१२: नणंदेचं. लांब माळेने उभी रेघ पडते, माणूस उंच दिसतो. चोकरने मान अर्धी कापल्यासारखी वाटते, स्वानुभव आहे.

काउंटरवाली: रेघेचं खरंय, पण चाफा, तू उंची बघतेस आणि चोकर बसतो मानेवर. पाच फुटी बायकांच्या लांब सडक माना मी रोज बघते, दागिन्यांच्या दुकानात अकरा वर्षं काढलीत. एक दोरा घे, मानेच्या बुडाशी सैलसर गुंडाळ आणि मोजपट्टीवर धर. १३ इंच भरला तर १५ इंची ठुशी गळ्याच्या खळीवर छान बसेल, १५ भरला तर तीच ठुशी रुतेल, म्हणून नुसतं "१५ इंची द्या" म्हणून घेऊ नये. बोटनेकचा काठ हाडांवरून आडवा जातो, त्यामुळे ठुशी त्याच्या वर, उघड्या कातडीवरच राहायला हवी. मागचा गोंड्याचा दोरा ओढून बांध. सैल सोडलीस की मणी काठाच्या जरीवर उतरतात, मग ना ठुशी दिसते ना काठ.

रानजाई: माझा कुर्ता व्ही गळ्याचा आहे, त्यावर काय घालू?

काउंटरवाली: गळ्याच्या टोकाच्या दोन बोटं वर पेंडंट थांबेल अशी चेन. पण हा धागा पैठणीचा आहे गं 😄

चाफा_१२: बरं, मग ठुशी आणि खाली मोहनमाळ दोन्ही घाल की, लग्नच आहे.

काउंटरवाली: चालेल, पण माळ २४-२६ इंचीच. ३६ इंची घातलीस तर तुझ्या उंचीला जवळजवळ कंबरेशी जाईल, वर डाव्या खांद्यावरच्या पिनअप पदराच्या निऱ्यांत अर्धी माळ गडप. आणि बोटनेकवर माळ पूर्ण कापडावरच पडते, जांभळ्यावर सोनं उठेल, ब्लाऊज सोनेरी ब्रोकेडचा असेल तर विसर.

कोकणी_मावशी: आमच्या वेळी पदर पिन करून मग माळ वरून घालायचो, काही गडप होत नसे.

काउंटरवाली: मावशी, वरून घातली की दिसते हे मान्य, पण वाकून नमस्कार केला की माळ पुढे लोंबते आणि उठताना पिनेत अडकते. रेशमाचा धागा ओढला जातो तो वेगळाच.

पैठणीवेडी: दोरा १२.५ भरला! ब्लाऊज जांभळाच, फक्त काठाला जर. ठुशी वर ओढून बांधून बघितली, आरशात मान चांगली दिसतेय. नणंदेला फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "तरी बुटकीच दिसतेस."