मदत हवी आहे: आजोबा ‘आले’, मग फणस ‘कापला’ का?

नीता_गुहागर
भावाची बायको इंग्रज आहे. मे महिन्यात दोघं गुहागरला येतायत, म्हणून ती मराठी शिकतेय. मोठ्यांसाठी क्रियापद अनेकवचनी हे तिला सांगितलंय, पण ती म्हणते नियम मोडतो. कसं समजावू? आज रात्री फोन आहे, लवकर सांगा.

बंड्या_चिपळूण
मोडत नाही. आजोबा आले, काका बसले, सासूबाई गेल्या. पाठ करायला लावा.

सून_रत्नागिरीची
आमच्याकडे नवऱ्यालाही ‘अहो’च म्हणतात. वहिनींना तेही आधीच सांगून ठेवा.

मास्तर_दापोली
नीताताई, तिने भाषांतर केलेली वाक्यं टाका. त्याशिवाय अडलंय कुठे ते कळणार नाही.

नीता_गुहागर
‘आजोबा काल आले’ बरोबर आलं. पुढे तिने ‘आजोबांनी फणस कापले’ लिहिलं. मी ‘कापला’ केलं, तर म्हणते आजोबांचा मान कुठे गेला?

मास्तर_दापोली
तिच्या वाक्यात आजोबांनी दोन-चार फणस कापले असा अर्थ होतो. ‘आजोबांनी’ म्हटलं की क्रियापद आजोबांकडे बघतच नाही, कापलेल्या वस्तूकडे बघतं. म्हणून फणस कापला, भाजी चिरली, नारळ सोलले. मान गेलेला नाही, तो ‘नी’मध्ये आहे. धाकट्या भावासाठी आपण ‘राजूने फणस कापला’ म्हणतो, आजोबांसाठी ‘आजोबांनी’. तिला वाक्य वर्तमानकाळात फिरवायला सांगा: ‘राजू फणस कापतो’, ‘आजोबा फणस कापतात’. ‘नी’ गेला की मान परत क्रियापदावर येतो. आणि ‘आजोबांनी मला बोलावलं’मध्ये ‘मला’ आहे, तिथे क्रियापद कोणाकडेच बघत नाही. बोलावणारा राजू असो की आजोबा, ‘बोलावलं’च राहतं.

बंड्या_चिपळूण
मग ‘आजोबा चहा प्यायले’ कसं? चहा तर एकच आहे.

मास्तर_दापोली
तिथे ‘नी’ लागलाच नाही. पिणे, शिकणे, विसरणे ही अशीच आहेत: आजोबा माझं नाव विसरले. अशी क्रियापदं मात्र वेगळी लक्षात ठेवावी लागतात.

मालवणी_माणूस
आमच्याकडे ‘बापूस इलो’, ‘आजो इलो’. एकवचनच, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. वहिनींना मालवणी शिकवा.

बंड्या_चिपळूण
गुहागरच्या घरात ‘आजो इलो’ म्हटलं तर आजोबा काय म्हणतील?

नीता_गुहागर
‘कापतो-कापतात’ची जोडी तिला पटेल. पण आजीचं काय? आम्ही घरात ‘आजी आली’ म्हणतो, ‘आई आली’ म्हणतो. बाबा मात्र ‘आले’.

मास्तर_दापोली
आई-आजीला जवळिकीने एकवचन चालतं. पण वहिनी नवी सून आहे, तिने ‘आजी आल्या’ म्हणावं.

सून_रत्नागिरीची
मला नाही पटत. मी ‘आजी आल्या’ म्हणायचे, तर आजेसासूबाई म्हणाल्या, परक्यासारखी काय बोलतेस? आता ‘आली’च म्हणते.

नीता_गुहागर
मग तिला काय सांगू? आजीलाच विचारते.