मदत हवी आहे : केळीच्या 22 स्लाइड आणि खालच्या नोट्स, यांचा बोलता व्हिडिओ कसा करू?

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटासाठी मी केळीवरच्या करप्याचं प्रेझेंटेशन केलंय. 22 स्लाइड आहेत आणि प्रत्येकीखाली पॉवरपॉइंटच्या नोट्समध्ये मजकूर आहे. कटाईच्या दिवसांत सभेला कोणी फिरकत नाही, म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवता येईल असा व्हिडिओ हवाय. माझा आवाज बसका, म्हणून मशीनचा मराठी आवाज लावून पाहिला. तर 0:52:34 या खताचं त्या बाईने घड्याळच करून टाकलं, शून्य वाजून बावन्न मिनिटं! यातलं काय मशीनवर सोडू आणि कुठे मला स्वतःच बसावं लागेल?

धुळेकर_भाऊ
सोपं आहे ताई. File, Export, मग Create a Video. नोट्स ते आपोआप वाचतं.

तापीकाठ
भाऊ, रस्ता बरोबर, पण ते नोट्स वाचत नाही. आधी आवाज रेकॉर्ड केलेला असेल तर तोच घेतं, नाहीतर प्रत्येक स्लाइड पाच सेकंद दाखवून पुढे जातं.

ताई, स्लाइडची चित्रं काढणं, नोट्समधून आवाज बनवणं आणि दोन्ही जोडणं हे मशीनचं काम. मी ffmpeg या चित्र-आवाज जोडणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक स्लाइडचा वेगळा तुकडा करतो, म्हणजे एक वाक्य चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा करायचा:

```
ffmpeg -loop 1 -i s07.png -i s07.mp3 \
 -af apad=pad_dur=1 -c:v libx264 \
 -tune stillimage -pix_fmt yuv420p \
 -shortest s07.mp4
```

apad मुळे आवाज संपल्यावर सेकंदभर शांतता मिळते. ती नसली की सगळ्या स्लाइड एका दमात पळतात. चित्राची उंची-रुंदी सम संख्येत ठेवा, विषम असली तर कमांड अडते.

तुमची खरी मेहनत नोट्सवर. त्या डोळ्यांसाठी लिहिलेल्या असतात. समजा सातव्या स्लाइडखाली आहे: "जून पाने काढा. 10 मि.ली./10 लि. फवारणी." आता ऐका. "मि.ली." मधल्या टिंबावर आवाज थांबतो, तिरकी रेघ गिळली जाते आणि शेतकऱ्याला ऐकू येतं "दहा मिली दहा". कशात किती, हे कळतच नाही. मी असं लिहीन: "करपा दिसलेली जुनी पाने कापून बागेबाहेर न्या. फवारणीसाठी दहा लिटर पाण्यात दहा मिलीलिटर औषध घ्या." खतही अक्षरी लिहा, "शून्य बावन्न चौतीस".

आणि "जून" मुद्दाम बदललाय. महिन्यातला जून आणि जरठ पानातला जून, लिहायला एकच, उच्चाराला वेगळे. मशीन बहुतेक महिनाच म्हणेल. च, ज, झ असलेले शब्द कानानेच तपासा, दुसरा इलाज नाही.

अमळनेरचा_मास्तर
आमच्या दहावीच्या विज्ञानाचं सांगतो. परावर्तनाच्या स्लाइडवर एकेक किरण क्लिकवर यायचा. चित्र काढलं तर सगळे किरण एकदम हजर! आवाज म्हणतो "आता दुसरा किरण पाहा", मुलं विचारतात, सर, कोणता? शेवटी व्हिडिओ नको म्हणून फळ्यावरच काढला. तुमच्याकडे प्रोजेक्टर नाही का ताई? सभेतच दाखवा ना.

तापीकाठ
सर, सभेला कोणी येत नाही म्हणून तर व्हिडिओ. पण तुमचा मुद्दा लाख मोलाचा. ताई, अॅनिमेशन असेल तर त्या स्लाइडच्या हातानेच दोन-तीन स्लाइड करा. आणि नोट्समध्ये "हे पान", "इथे बघा" असेल तर खूण कुठे करायची ते माणसानेच ठरवायचं. सभेत तुम्ही बोट दाखवता, व्हिडिओत बोट नसतं.

केळीबाग_रावेर
बापरे, माझ्या नोट्समध्ये "इथे" नऊ वेळा निघालं! सहाव्या स्लाइडवर पानाच्या ठिपक्यांभोवती लाल गोल काढला. आठ स्लाइडच्या नोट्स बोलीत लिहून काढायला दोन संध्याकाळी गेल्या, व्हिडिओ जोडायला मात्र दहा मिनिटंही नाहीत.

काल शेजारच्या काकांना स्क्रीन न दाखवता नुसतं ऐकवलं. औषधाचं प्रमाण त्यांनी बरोबर परत सांगितलं. पण म्हणाले, "पोरी, ही बाई कोण? तू बोल, तुझं ऐकू आम्ही."

धुळेकर_भाऊ
काका बरोबर सांगतात. बठ्ठं मशीनवर नको. नोट्सचं माझं चुकलं, काल करून पाहिलं, मुकं निघालं.

तापीकाठ
मला ते तितकं पटत नाही. औषध बदललं की तुम्हाला पुन्हा माईकसमोर बसावं लागेल, आणि बसक्या घशाचा एक तुकडा मध्येच वेगळा ऐकू येतो. निदान प्रस्तावना आणि शेवट स्वतःच्या आवाजात, मधलं मशीनचं, असं करून बघा.

केळीबाग_रावेर
बघते. अजून एक, चोपड्याकडच्या गटाला अहिराणीत हवंय. मराठी आवाजाला अहिराणी मजकूर दिला तर "शे" आणि "व्हई" असं काही लांबवतो की मलाच हसू येतं. कोणी केलंय का?