अ‍ॅरेचे k तुकडे, सर्वांत मोठी बेरीज कमीत कमी: आधी डीपी शिकवावं की थेट उत्तरावर बायनरी सर्च?

मधला_बाक
इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. प्रश्न ओळखीचा आहे: क्रम न बदलता अ‍ॅरेचे k सलग तुकडे करायचे आणि सर्वांत जड तुकड्याची बेरीज शक्य तितकी कमी ठेवायची. संख्या शून्य किंवा धन. माझं मत, हा आधी डीपीनेच शिकवावा. उत्तरावरची बायनरी सर्च मुलं पाठ करतात, ती बरोबर का ते विचारलं की गप्प होतात. तुमचं मत काय?

सीमारेषा
मी उलट बाजूने. मुलं गप्प होतात, कारण त्यांना बायनरी सर्च दाखवली जाते आणि चाचणी घाईत उरकली जाते. या प्रश्नातलं सगळं मर्म चाचणीत आहे.

एक उदाहरण घ्या: ९, ४, ६, ३, ८, ५, ७ आणि k = ३. मूळ प्रश्न बाजूला ठेवा आणि मुलांना एवढंच विचारा, "कुठल्याही तुकड्याची बेरीज १७ च्या वर जाऊ द्यायची नाही, तर कमीत कमी किती तुकडे लागतील?" कुणीही डावीकडून भरत जाईल. ९+४ = १३, पुढचे ६ घेतले तर १९ होतात, म्हणून तिथे कापा. ६+३+८ = १७, कापा. ५+७ = १२. तीन तुकडे, म्हणजे १७ चालतं. आता १६ ची मर्यादा द्या: १३, मग ६+३ = ९ (८ बसत नाही), मग ८+५ = १३, मग ७. चार झाले. १६ चालत नाही, १७ चालतं, उत्तर १७.

यानंतर वर्गात दोनच गोष्टी पटवायच्या. पहिली सोपी आहे: १७ मध्ये जी विभागणी बसते ती १८ मध्येही बसतेच, म्हणून "नाही, नाही, नाही, हो, हो, हो" अशी एकच सीमा असते आणि ती अर्ध्या-अर्ध्याने शोधता येते. दुसरी गोष्ट, डावीकडून भरत जाणं बरोबर का? समजा त्याच मर्यादेत कुणी वेगळी विभागणी केली. त्याचा पहिला काप आपल्या पहिल्या कापाच्या पुढे असू शकत नाही, कारण आपण मर्यादा संपेपर्यंत ताणलंय. मग त्याचा दुसरा तुकडा आपल्या दुसऱ्या तुकड्याच्या आधी किंवा तिथेच सुरू होतो. तो जिथवर पोचतो तिथवर आपणही पोचतो, कारण सुरुवातीचे काही घटक गाळले तर बेरीज वाढत नाही. असं प्रत्येक कापाला आपण त्याच्या बरोबरीने किंवा पुढे राहतो. हे फळ्यावर रेषा काढून दाखवलं की पाठांतराची गरज पडत नाही.

```python
def chalel(a, k, had):
    tukde, berij = 1, 0
    for x in a:
        if berij + x > had:
            tukde += 1
            berij = 0
        berij += x
    return tukde <= k

lo, hi = max(a), sum(a)
while lo < hi:
    mid = (lo + hi) // 2
    if chalel(a, k, mid):
        hi = mid
    else:
        lo = mid + 1
```

शेवटी उत्तर `lo` मध्ये. वरच्या उदाहरणात ९ ते ४२ मधून २५, १७, १३, १५, १६ अशा पाच चाचण्यांत १७ सापडतात.

पूर्णविराम
मला मुळात ही पद्धतच संशयास्पद वाटते. प्रश्नात k तुकडे म्हटलंय, k किंवा कमी असं म्हटलेलं नाही. चाचणीत `tukde == k` असायला हवं. शिवाय बायनरी सर्च मधल्या कुठल्याही आकड्यावर थांबू शकते, जी बेरीज अ‍ॅरेत कुठे नसेलच. डीपीत या दोन्ही शंका येत नाहीत, म्हणून मी सरांच्या बाजूने.

सीमारेषा
पूर्णविराम, नेमके k तुकडे हवेत हे तुमचं वाचन बरोबर. पण `==` लावून बघा: १०, १, १, १ आणि k = ३. मर्यादा १० असताना डावीकडून भरलं की १० आणि ३ असे दोनच तुकडे होतात. ११ आणि १२ लाही दोनच, १३ ला एक. चाचणी कधीच "हो" म्हणणार नाही, आणि खरं उत्तर मात्र १० आहे: १० | १ | १, १. संख्या ऋण नसतील तर कमी तुकड्यांची विभागणी आणखी कापून k करता येते आणि कापल्याने कुठलीच बेरीज वाढत नाही, फक्त घटक निदान k तरी असावे लागतात. म्हणून `<=` बरोबर. मात्र प्रत्यक्ष तुकडे छापायचे असतील तर तुमची अट परत येते. छापताना उरलेले घटक आणि उरलेले तुकडे सारखे झाले की मर्यादा शिल्लक असली तरी प्रत्येक घटक वेगळा करायचा. तपासताना हा मुद्दा बहुतेकांच्या कोडमध्ये राहून गेलेला दिसतो, कारण नुसता आकडा छापून काम भागतं.

दुसऱ्या शंकेबद्दल. सीमेवरचा आकडा ही खरी बेरीज असतेच. १७ मध्ये बसणाऱ्या विभागणीत सर्वांत जड तुकडा १६ चा असता, तर १६ ची चाचणीही पास झाली असती.

मधला_बाक
यातून माझाच मुद्दा पुढे जातो. `lo` ची सुरुवात `max(a)` का, हेही मुलांना सांगता येत नाही. बरेच जण शून्यापासून सुरू करतात आणि नमुन्याचं उत्तर बरोबर येतं म्हणून पुढे जातात.

सीमारेषा
सर, त्यांना तेच १०, १, १, १ द्या, k = ३, `lo = 0`. वरची चाचणी मर्यादा ३ ला काय करते बघा: १० मावत नाही म्हणून नवा तुकडा उघडते आणि १० त्यात टाकून मोकळी होते, तो तुकडाच मर्यादेबाहेर आहे हे तपासत नाही. पुढचे तीन एकत्र. मोजणी तीन येते, "हो" म्हणते, आणि प्रोग्राम उत्तर ३ छापतो. अ‍ॅरेत एकटा १० बसलाय आणि सर्वांत जड तुकडा म्हणे ३! हे उत्तर बघितलं की `max(a)` का ते मुलं स्वतःच सांगतील.

घाटमाथा
आमचा पार्सलचा धंदा आहे, म्हणून विचारतो. रोज वीस-पंचवीस पेट्या, टेम्पो तीन. सर्वांत जड भरलेल्या टेम्पोचं वजन कमीत कमी हवं. मुलाकडून हाच कोड लिहून घेतला तर चालेल ना? पेट्या कुठल्याही टेम्पोत कशाही टाकल्या तरी चालतात.

सीमारेषा
तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे क्रम बांधलेला आहे, तुमच्याकडे मोकळा आहे, आणि तेवढ्याने काम फार अवघड होतं. दोन टेम्पो आणि पेट्या ३, २, ३, २, २ अशा धरा. सहाची मर्यादा जमते: ३+३ आणि २+२+२. पण आल्या क्रमाने भरत गेलात तर ३+२ एकात, ३+२ दुसऱ्यात, आणि शेवटच्या २ ला जागाच नाही. म्हणजे चाचणी "नाही" म्हणेल, उत्तर "हो" असताना. "नाही, नाही, हो, हो" ही सीमा तुमच्याकडेही आहे, पण एका मर्यादेत बसतं का हे तपासणंच तुमच्याकडे कठीण, त्यासाठी झटपट आणि अचूक अशी कुठलीही रीत माहीत नाही. जड पेट्या आधी घ्या, प्रत्येक पेटी त्या वेळी सर्वांत हलक्या टेम्पोत टाका. रोजच्या कामाला ते पुरतं, सर्वोत्तम येईलच असं मात्र नाही. याच पेट्यांवर त्या रीतीने ७ आणि ५ येतात.

जमाखर्च
मी डीपीच्या बाजूने, आणि कारण कामातलं आहे. आमच्या नोंदींत परतावे असतात, म्हणजे ऋण संख्या. ४, ३, –५ घ्या. एकच तुकडा केला तर बेरीज २. वरची चाचणी २ ची मर्यादा नाकारते, कारण पहिल्या ४ वरच अडते. `max(a)` पासून सुरुवात म्हणजे ४ च्या खाली बघायचंच नाही, पण उत्तर तर २ आहे. आणि दोन तुकडे केले तर? ४ | –२ मध्ये मोठी बेरीज ४, आणि ७ | –५ मध्ये ७. म्हणजे तुकडे वाढवले तर उत्तर बिघडलं, २ चं ४ झालं! "कमी तुकडे असतील तर आणखी कापा" हा युक्तिवाद तिथेच संपला. डीपीला यातलं काहीच अडत नाही: पहिल्या i घटकांचे j तुकडे, शेवटचा काप कुठे ते सगळीकडे ठेवून बघा, दोन्ही बाजूंपैकी मोठा घ्या, त्यांतला सर्वांत लहान ठेवा. उद्या कुणी जड तुकड्याऐवजी बेरजांच्या वर्गांची बेरीज कमी करा म्हटलं तरी एक ओळ बदलून भागतं. ज्याला पुढे खऱ्या कामात जायचंय त्याला आधी हे यायला हवं.

सीमारेषा
ऋण संख्यांबद्दल पूर्ण सहमत. मी वर "घटक गाळले तर बेरीज वाढत नाही" म्हटलं ते तिथे खोटं ठरतं, आणि सगळी इमारत त्यावरच उभी आहे. पण मूळ प्रश्नात ऋण संख्या नाहीत आणि आकारही बघायला हवा. लीटकोडवर ४१० क्रमांकाला हाच प्रश्न आहे. तिथे घटक जास्तीत जास्त १०००, k जास्तीत जास्त ५०, तुमची डीपी अडीच कोटी पायऱ्यांत आरामात बसते. सीएसईएसवर "अ‍ॅरे डिव्हिजन" नावाने तोच प्रश्न २ लाख घटकांचा आहे. तिथे डीपीचा एकच थर २००० कोटी पायऱ्या खातो, आणि k २ लाखांपर्यंत जाऊ शकतो. बेरीज २ × १०^१४ पर्यंत असली तरी बायनरी सर्चला ४८ चाचण्या पुरतात, प्रत्येकीत अ‍ॅरेवरून एक फेरी, म्हणजे साधारण १ कोटी पायऱ्या. (सी++ मध्ये तिथे `long long` घ्या, `int` मध्ये ही बेरीज मावत नाही.)

जमाखर्च
डीपी एवढी ढोबळ ठेवायची गरज नाही. i पुढे सरकला की शेवटचा सर्वोत्तम कापही मागे येत नाही, त्याचा फायदा घेतला की एक थर २००० कोटींवरून काही लाखांवर येतो.

सीमारेषा
संख्या ऋण नसतील तेव्हाच तो काप मागे येत नाही, म्हणजे तुमचाच परताव्याचा मुद्दा तुम्हाला सोडावा लागतो. आणि थर k आहेत. k एक लाख असेल तर लाख थर, प्रत्येकी काही लाख पायऱ्या. तरीही बसत नाही.

जमाखर्च
k लहान असेल तर बसतं, आणि माझ्या कामात k क्वचितच दहाच्या वर जातो. तुम्ही स्पर्धेच्या मर्यादा धरून बोलताय.

मधला_बाक
वाचतोय. पुढच्या आठवड्यात क्रम असा ठेवेन: पहिल्या तासाला फक्त "या मर्यादेत किती तुकडे लागतील" आणि रेषा काढून तो युक्तिवाद, कोड नाही. मग १०, १, १, १ वर `lo = 0` चालवून घेणं. त्यानंतर ४, ३, –५ देऊन चाचणी कुठे अडते ते त्यांनाच शोधायला लावायचं आणि तिथून डीपीत शिरायचं. पण डीपी नंतर आणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. ज्या मुलाने सगळे काप करून बघितलेलेच नाहीत, त्याला "दुसऱ्या कुणी वेगळी विभागणी केली तर" हे वाक्य कितपत दिसेल?

पूर्णविराम
सर, मग पहिल्या तासात त्या सात आकड्यांचे तीन तुकडे करायच्या सगळ्या विभागण्या हाताने लिहून घ्या. दोन काप, सहा जागा, एकूण १५ होतात. मी आत्ता लिहून बघितल्या, १७ च्या खाली एकही जात नाही.