शब्दचर्चा : ‘बाय टाइम’ला उर्दूत काय म्हणायचं?

गोदाकाठ : एका इंग्रजी नाटिकेचं उर्दूत भाषांतर करते आहे. प्रसंग असा : धाकट्या भावाच्या डोक्यावर कर्ज आहे, सावकार दुसऱ्या दिवशी येणार आहे. थोरला म्हणतो, ‘वुई नीड टू बाय सम टाइम.’ मी लिहिलं, ‘हमें कुछ वक़्त ख़रीदना होगा.’ व्याकरण चुकलेलं नाही, पण मोठ्यानं वाचलं की घरातला माणूस बोलतोय असं वाटतच नाही. ‘मनी डाउन द ड्रेन’पाशीही अशीच अडकले आहे. उर्दूत मुरलेल्यांनी मदत करावी.

पतपेढीवाला : सोपं आहे, ‘मुदतवाढ’ लिहा. आमच्याकडे हप्ता थकला की कर्जदार मुदतवाढीचाच अर्ज करतो. गेल्या महिन्यात एका आजोबांचा अर्ज मीच लिहून दिला.

गोदाकाठ : दादा, मला मराठी नाही, उर्दू शब्द हवाय.

पतपेढीवाला : मुदत उर्दूच की! ‘मुद्दत माँग लो’ करा.

मोसमपूल : मी मालेगावचा, शाळा उर्दू माध्यमाची. दादा, शब्द तोच, पण उर्दूत तो वेगळ्या वाटेनं गेलाय. ‘मुद्दत हो गई आपको देखे’ म्हणजे तुम्हाला पाहून किती काळ लोटला. मुद्दत हा काळाचा पल्ला, बोलण्यात बहुतेक लांबच. सरकारी कागदात ‘मुद्दत में तौसीअ’ चालतं, ती तुमची मुदतवाढ. पण सावकाराकडे कुणी ‘मुद्दत’ मागत नाही, ‘मोहलत’ मागतो. ताई, थोरल्याच्या तोंडी हे घाला : ‘किसी तरह महीने भर की मोहलत ले लो.’ इंग्रजीत ‘सम’ आहे म्हणून ‘कुछ’ हवंच असं नाही. कर्जाच्या बोलण्यात महिना, पंधरवडा असा आकडा येतोच.

गोदाकाठ : वा! मग ‘बाय टाइम’ दिसलं की मोहलत, असं पक्कं धरू?

मोसमपूल : नाही. कोण कुणाकडून वेळ काढतोय ते आधी बघा. मोहलत समोरचा देतो. वाटाघाटीत एखादं सरकार मुद्दाम वेळ काढत असेल, तर तिथं कुणी काही देत नाही. तिथं ‘टाल-मटोल कर रही है’. बातमी किंवा अग्रलेख असेल तर ‘लैत-ओ-लअल से काम ले रही है’. हा दुसरा प्रयोग भारदस्त आहे, तुमच्या धाकट्या भावाच्या तोंडी घालू नका. आणि औषधानं रुग्णाला चार महिने मिळाले, तर पुन्हा मोहलतच : ‘मरीज़ को कुछ मोहलत मिल गई’. तिथं देणारी ज़िंदगी. ‘ज़िंदगी ने मोहलत दी तो’ हे आमच्या घरात रोजचं बोलणं आहे.

शायरीप्रेमी : ‘मनी डाउन द ड्रेन’चं उत्तर माझ्याकडे आहे : ‘पैसा पानी की तरह बहाना’. नाली-गटार आणायची गरजच नाही.

मोसमपूल : पाण्यापर्यंत बरोबर आलात, पण हा वाक्प्रचार उधळपट्टीचा. लेकीच्या लग्नात बापानं ‘पैसा पानी की तरह बहाया’ म्हटलं, तर पैसे फुकट गेले असं कुणी समजणार नाही, उलट थाट डोळ्यांपुढे येईल. ताई, तुमच्या नाटिकेत पैसे कशात गेलेत?

गोदाकाठ : भागीदारीत. भागीदार पळाला.

मोसमपूल : मग ‘सारी रक़म डूब गई’. आपली रक्कम बुडते तशीच. पण जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर घातलेले पैसे वाया गेले, तर तिथं रक़म डूबत नाही, ‘पैसे ज़ाया हो गए’. जे परत यायचं होतं तेच डूबतं.

गोदाकाठ : हे मला मराठीतही कधी जाणवलं नव्हतं. आणि ‘स्पेंड टाइम’? ‘वक़्त ख़र्च करना’ लिहून ठेवलंय.

मोसमपूल : माणसांसोबत असेल तर ‘गुज़ारना’ : ‘बच्चों के साथ वक़्त गुज़ारिए’. कामात घातला असेल तर ‘सर्फ़ करना’. ख़र्च मला खटकतं.

हैदराबादी सून : मला नाही खटकत. सासरी सगळे उर्दूच बोलतात, नणंदा सर्रास ‘वक़्त ख़र्च’ म्हणतात. ‘सर्फ़’ मात्र सासऱ्यांच्या पत्रांतच पाहिलंय, बोलताना कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

मोसमपूल : बोलण्यात येत असेल, नाकारत नाही. आमच्या उस्तादांनी मात्र लाल शाईनं खोडलं असतं. नाटिका बोलायची आहे, तेव्हा ताई, दोन्ही मोठ्यानं वाचून बघा.

गोदाकाठ : वाचते. एक राहिलंच. सावकार निघताना म्हणतो, ‘टाइम इज मनी.’ ‘वक़्त दौलत है’ लिहू?

शायरीप्रेमी : ‘गया वक़्त फिर हाथ नहीं आता’ घ्या की.

मोसमपूल : ते शहाण्या वडीलधाऱ्याच्या तोंडी शोभेल. हा वसुलीला आलाय. त्याला ‘मेरा वक़्त ज़ाया न कीजिए’ पुरेल.

हैदराबादी सून : पण त्यात पैसा कुठे आला? सावकाराच्या तोंडी पैसा हवाच.

गोदाकाठ : मलाही तेच वाटतंय. या ओळीपुढे प्रश्नचिन्ह ठेवते. कुणाला सुचलं तर इथंच लिहा.