मदत हवी: "भाव खाऊन राहिला" इंग्रजीत कसं आणू?

घाटंजीकर: उद्या संध्याकाळी द्यायचं आहे. वाक्य असं: "कापसाले भाव नाही, अन् हा भाव खाऊन राहिला!" 'रेट' लिहिलं तर खाणं जातं, 'ॲटिट्यूड' लिहिलं तर कापूस जातो. लवकर सांगा राजेहो.

शब्दवेडी: छापायचं आहे, बोलायचं आहे की पडद्यावर? "हा" कोण? पुढचं वाक्य काय?

नागपुरी संत्रा: श्लेषाचं भाषांतर होतच नाही, सरळ बदला. "प्राइसेस आर डाउन, बट हिज नोज इज अप!" झालं काम.

शब्दवेडी: होतच नाही असं कसं? "पाऊस पडला का?" "नाही, भाव पडला." इंग्रजीतही पाऊस अन् भाव दोन्ही 'फॉल'च होतात, म्हणून हे जसंच्या तसं जातं. 'भाव'चं तसं नाही. दर आणि तोरा एकाच शब्दात सांगायची इंग्रजीत सोय नाही.

गुरुजी आर्णी: पडद्यावर असेल तर सबटायटलची .srt फाइल UTF-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर मराठी अक्षरांचे चौकोन दिसतात. आमच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओत तेच झालं.

घाटंजीकर: गुरुजी, सबटायटल इंग्रजीच आहेत. ताई, लघुपट आहे. जिनिंगच्या फाटकावर बंडी उभी. व्यापारी कॉलर सावरत कापूस चाचपतो आणि न बोलता निघून जातो. पोरगा वरचं वाक्य म्हणतो, मग म्हातारा म्हणतो, "खाऊ दे बापा, आपल्याले खायले ठेवलं काय त्यानं?" नाकवालंच टाकून देतो.

शब्दवेडी: थांबा! नाक टाकलं की "खाऊ दे" लटकलं. खरा टोला म्हाताऱ्याचा आहे, पोराचं वाक्य त्याची तयारी करतं. म्हणून 'भाव' सोडा, खाणं वाचवा: "नो प्राइस फॉर अवर कॉटन, अँड ही'ज ईटिंग अप द प्रॉफिट!" "लेट हिम ईट. व्हॉट हॅज ही लेफ्ट फॉर अस?" तोरा कॉलरीतून दिसतोच. दोन्ही वाक्यं एका सबटायटलमध्ये मात्र ठेवू नका. लोक ऐकण्याआधी वाचतात, म्हातारा तोंड उघडायच्या आत हसून मोकळे होतील.

नागपुरी संत्रा: नफा खाणं म्हणजे लुबाडणं. मूळ वाक्यात तो फक्त मिजास करून राहिला. तुम्ही त्याले चोर केलं! त्यापेक्षा म्हाताऱ्याचंही बदला: "लेट इट. समथिंग हॅज टु गो अप धिस इयर."

शब्दवेडी: आक्षेप रास्त आहे, जोडीही चांगली जमली. पण म्हातारा त्या वेळी करतो काय, ते दिसल्याशिवाय ठरवता येत नाही.

घाटंजीकर: शिदोरीचं फडकं सोडून भाकर काढतो.

शब्दवेडी: मग नाक बाद. हातात भाकर आणि खाली 'गो अप', हे जुळत नाही.

नागपुरी संत्रा: भाकरीसाठी व्यापाऱ्याले चोर ठरवणं मले पटत नाही.

घाटंजीकर: खाणं ठेवतो. पण 'प्रॉफिट' मलेही खटकून राहिलं. मिजास अन् खाणं दोन्ही येईल असं कोणाला सुचलं तर टाका, रात्री पाहतो.