मदत हवी आहे: गवती चहा, तुळस आणि ज्येष्ठमध एकत्र कसे करावे?

नमस्कार मंडळी,
घरी दोन कपांसाठी गवती चहाची तीन-चार पाती, दहा-बारा तुळशीची पानं आणि ज्येष्ठमधाचा बोटभर तुकडा घेते. सगळं एकत्र दहा मिनिटं उकळलं की ज्येष्ठमधाचा गोडवा छान उतरतो, पण गवती चहाचा वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात उरतच नाही. उलट गॅस बंद करून नुसतं झाकून ठेवलं तर वास सुरेख येतो, पण ज्येष्ठमध जवळपास कोराच राहतो.

कारण कळतं. पानांचा सुगंध उडणाऱ्या तेलात असतो, तो वाफेबरोबर जातो. मूळ कठीण, त्यात पाणी शिरायलाच वेळ लागतो. म्हणून आता ज्येष्ठमध ठेचून तीन कप पाण्यात मंद आचेवर दोन कप होईपर्यंत आटवते, मग गॅस बंद करून पानं चुरडून घालते आणि घट्ट झाकते. झाकणाच्या आतले थेंब परत भांड्यातच पाडते, त्यांनाही वास असतो.

अडचण इथे आहे: पाच मिनिटांत गाळलं तर फिकं लागतं, वीस मिनिटं ठेवलं तर तुळस तुरट होते, वास मात्र वाढत नाही. मग वेळ तेवढाच ठेवून पानं वाढवावीत का? सुकी पानं वापरणारे किती घालतात? आणि ज्येष्ठमधाऐवजी काय चालेल? सासूबाईंना रक्तदाब आहे, त्यांना ते रोज द्यायचं नाही.